पावती पुस्तक क्रमांक १४ : क्रीडा मंडळाच्या ऑडिटमध्ये नेमके काय तपासले जाते

क्रीडा मंडळाच्या वार्षिक सभेत हिशेब वाचला जातो तेव्हा बहुतेक प्रश्न खर्चावर येतात. मंडपाला इतके पैसे का लागले, चहापाण्याचे बिल एवढे कसे झाले, अशी विचारणा होते आणि खजिनदार व्हाउचरची फाइल पुढे करतात. हे प्रश्न योग्यच आहेत, परंतु मंडळांच्या हिशेबातील अवघड भाग सहसा त्या फाइलमध्ये नसतो. लिहिलेला खर्च खरा आहे का हे बिल पाहून कळू शकते; जमा झालेली, पण वहीत लिहिलीच न गेलेली रक्कम मात्र कोणत्याही फाइलमध्ये सापडत नाही, कारण तिचा कागदच तेथे नसतो. म्हणून ऑडिटरला आधी ‘किती जमा झाले’ हे न पाहता ‘किती जमा व्हायला हवे होते’ याचा स्वतंत्र हिशेब मांडावा लागतो. हे कसे करतात ते समजण्यासाठी आपण बेळगाव शहरातील एक फुटबॉल मंडळ कल्पनेने उभे करू आणि त्याचे २०२३-२४ हे आर्थिक वर्ष तपासू. मंडळ आणि आकडे काल्पनिक आहेत. तपासणीची पद्धत मात्र प्रत्यक्षातीलच आहे.

त्याआधी कायद्याची बाजू थोडक्यात पाहू. सीमाभागातील अनेक मंडळे हिशेबाचे नमुने कोल्हापूर किंवा चंदगडकडच्या ओळखीच्या मंडळाकडून आणतात. महाराष्ट्रात नोंदणीकृत संस्था सामान्यतः सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांच्या कक्षेत येते आणि तिकडची पत्रके सार्वजनिक न्यास कायद्याखालील नियमांच्या परिशिष्टांप्रमाणे असतात. बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडी येथे नोंदलेल्या मंडळाला कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, १९६० लागू होतो आणि त्याचे नोंदणी अधिकारी सहकार खात्यातील असतात. हा भाग १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे काही जुन्या मंडळांच्या नोंदणीपत्रावर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याचा उल्लेख दिसतो. तरी आज त्यांनी वार्षिक सभा घेणे, हिशेब तपासून घेणे आणि ते नोंदणी अधिकाऱ्यांकडे सादर करणे हे सर्व १९६० च्या कायद्याप्रमाणेच व्हायला हवे. ऑडिटरने पहिल्या दिवशी नोंदणीपत्र आणि घटना, म्हणजे मंडळाचे उपनियम, हातात घ्यावेत, याचे कारण एवढेच नाही. वर्गणी किती, ती कधी देय होते, थकबाकीदाराला मतदान करता येते का, किती रकमेपर्यंतचा खर्च सचिव स्वतःच्या अधिकारात करू शकतात, या साऱ्यांची उत्तरे घटनेतच असतात, आणि पुढची सगळी तपासणी त्या उत्तरांवर उभी राहते.

आता वर्गणीकडे वळू. आपल्या मंडळात ३१ मार्च २०२३ रोजी २१२ सभासद होते : १६८ साधारण, ३० विद्यार्थी आणि १४ आजीव. साधारण सभासदाची वार्षिक वर्गणी १,२०० रुपये, विद्यार्थ्याची ४०० रुपये आणि नव्या सभासदाचे प्रवेश शुल्क ५०० रुपये आहे. वर्षाच्या सुरुवातीलाच ११ साधारण सभासद कमी झाले, वर्षभरात २६ नवे साधारण आणि ९ नवे विद्यार्थी सभासद आले. ही माहिती ऑडिटर रोकड वहीतून घेत नाही. ती सभासद नोंदवहीतून आणि कार्यकारिणीच्या इतिवृत्तांतून घेतो, कारण प्रवेश आणि राजीनामा मंजूर करण्याचा ठराव तेथे असतो आणि ते लिहिणारा माणूस सहसा पैसे घेणारा नसतो. त्यावरून साधारण सभासद १८३, म्हणजे २,१९,६०० रुपये. विद्यार्थी ३९, म्हणजे १५,६०० रुपये. आणि ३५ जणांचे प्रवेश शुल्क १७,५०० रुपये. वर्षभरात येणे असलेली एकूण रक्कम २,५२,७०० रुपये होते.

रोकड वहीत वर्गणी आणि प्रवेश शुल्काखाली २,१४,३०० रुपये जमा दिसतात. यातील ४,८०० रुपये मागील वर्षाच्या थकबाकीचे आहेत, म्हणून ते बाजूला काढायचे. उरतात २,०९,५०० रुपये. अपेक्षित रकमेपेक्षा ४३,२०० रुपये कमी आहेत. खजिनदारांनी लगेच ३६ थकबाकीदारांची यादी दिली. ३६ गुणिले १,२०० म्हणजे बरोबर ४३,२०० होतात.

येथे अनुभव नसलेला तपासनीस थांबतो, आणि मला वाटते की मंडळांच्या ऑडिटमधील सर्वांत महागडी चूक हीच आहे. आकडा जुळला म्हणजे पुरावा मिळाला असे होत नाही, कारण वहीत ज्यांची जमा नाही त्यांची नावे उतरवून यादी केली तर ती नेहमीच जुळेल. यादी खरी आहे का, हे यादीबाहेरच्या कागदावरून ठरवावे लागते. आपल्या मंडळाच्या घटनेप्रमाणे वर्गणी ३० जूनपर्यंत द्यायची असते आणि ती न दिलेल्या सभासदाला त्या वर्षीच्या वार्षिक सभेत मत देता येत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये कार्यकारिणीची निवडणूक झाली होती. ऑडिटरने त्या दिवशीची मतदार यादी मागितली आणि थकबाकीदारांच्या यादीशी पडताळली, तेव्हा ३६ पैकी १५ जणांनी सही करून मतदान केल्याचे आढळले. याचे दोनच अर्थ निघतात : एक तर थकबाकीदारांना मतदान करू दिले, म्हणजे निवडणूकच सदोष ठरते, किंवा या १५ जणांनी वर्गणी भरली होती आणि तिची नोंद झाली नाही.

दुसरा अर्थ खरा असेल तर कोठेतरी पावत्या असल्या पाहिजेत. मंडळाच्या साठा वहीत १५ पावती पुस्तके नोंदलेली होती आणि १५ पुस्तके टेबलावर होती, त्यामुळे वरवर सर्व ठीक वाटत होते. परंतु खर्चाच्या फाइलमध्ये छापखान्याचे बिल होते आणि त्यावर १६ पुस्तके, प्रत्येकी ५० पावत्या, अनुक्रमांक १ ते ८०० असे लिहिलेले होते. टेबलावरच्या पुस्तकांत ६५१ ते ७०० हे क्रमांक नव्हते, म्हणजे चौदावे पुस्तक साठा वहीत चढलेच नव्हते. छापखान्याचा मंडळाच्या राजकारणाशी काही संबंध नसतो, आणि म्हणूनच त्याच्या बिलावरचे हे दोन आकडे पावती पुस्तकांच्या तपासणीत इतके मोलाचे असतात. ज्यांच्याकडे हे बिल नसेल त्यांनी छापखान्यातून त्याची प्रत मागवावी.

पुस्तक शेवटी मिळाले. खानापूरकडच्या सभासदांना शहरात येणे जमत नाही म्हणून तेथील एका कार्यकारिणी सदस्याकडे ते दिले होते. त्यांनी १५ जणांची वर्गणी घेतली, पावत्या दिल्या, आणि जमा झालेल्या १८,००० रुपयांतून मैदानाची चुन्याची आखणी, दोन जाळ्या आणि चेंडू यांचा खर्च परस्पर केला. त्यांच्याकडे ११,४०० रुपयांची बिले होती. ६,६०० रुपये त्यांच्याकडेच राहिले होते. या माणसाच्या हेतूबद्दल ऑडिटरने काही बोलायचे नसते. त्याने एवढेच सांगायचे असते की १८,००० रुपये पूर्ण जमेला यायला हवेत, ११,४०० रुपये कार्यकारिणीने मंजूर केल्यास वेगळ्या नोंदीने खर्चाला पडतील, आणि ६,६०० रुपये त्या सदस्याकडून येणे म्हणून ताळेबंदात दिसतील. जमेतून खर्च वजा करून उरलेलेच लिहायचे, ही सवय ग्रामीण मंडळांत फार आहे आणि तिच्यामुळे जमा आणि खर्च दोन्ही कमी दिसतात. उरलेल्या २१ जणांची २५,२०० रुपयांची थकबाकी खरी आहे का, हे पाहण्यासाठी ऑडिटरने त्यांपैकी काहींना स्वतः पत्र पाठवले आणि उत्तर मंडळाच्या पत्त्यावर न मागवता आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर मागवले. पत्र खजिनदारांच्या हातून गेले आणि त्यांच्याच हातून परत आले, तर त्या पत्राला अर्थ राहत नाही.

आजीव सभासदांबद्दल एक गोष्ट येथेच सांगतो. या वर्षी एक नवे आजीव सभासद झाले आणि त्यांचे १५,००० रुपये आले. ही रक्कम एका वर्षाचे उत्पन्न नाही, कारण तिच्या मोबदल्यात त्यांना आयुष्यभर सेवा द्यायची आहे. म्हणून घटनेत वेगळे सांगितले नसेल तर ती उत्पन्न-खर्च पत्रकात न घेता निधी म्हणून ताळेबंदात दाखवतात. हे पैसे बँकेत मुदत ठेवीत गेल्यावर आणखी एक प्रश्न येतो. सभासदांनी आपसात गोळा करून आपल्यावरच खर्च केलेल्या पैशाला उत्पन्न मानत नाहीत, हे क्लबांच्या करआकारणीतील जुने तत्त्व आहे. पण बंगलोर क्लबच्या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मुदत ठेवीवरील व्याजाला हे तत्त्व लागू होत नाही, आणि तेथे तर ठेवी ज्या बँकांत होत्या त्या स्वतः क्लबच्या सभासद होत्या. त्यामुळे ठेवीवरील व्याज वर्गणीत मिसळून लिहिणे चूक आहे. त्याची ओळ वेगळी हवी.

प्रायोजकत्वाचा हिशेब वर्गणीपेक्षा अवघड असतो, कारण येथे १,२०० रुपयांसारखा ठरलेला दर नसतो आणि सभासद नोंदवहीसारखी वहीही नसते. प्रायोजक किती, हे कशावरून ठरवायचे? आपल्याकडील स्पर्धांमध्ये याचे उत्तर सगळ्यांसमोर टांगलेले असते. स्पर्धेचे पोस्टर, मैदानाभोवतीचे फलक, जर्सीवरचे नाव, निमंत्रण पत्रिका, स्मरणिकेतील जाहिराती आणि बक्षीस समारंभाचे फोटो, या सर्वांतून ऑडिटर नावांची स्वतःची यादी करतो आणि मग ती रोकड वहीच्या यादीसमोर ठेवतो. प्रायोजकाला प्रसिद्धी हवी असते, म्हणून ज्याने पैसे दिले त्याचे नाव कोठे ना कोठे दिसतेच.

आपल्या मंडळाने जानेवारी २०२४ मध्ये स्पर्धा घेतली. वहीत प्रायोजकत्वाखाली २,७५,००० रुपये जमा आहेत : एका कंपनीकडून १,४७,०००, एका सहकारी पतसंस्थेकडून १,००,००० आणि स्मरणिकेच्या जाहिरातींचे २८,०००. स्मरणिका उघडून पाने मोजली, तर पूर्ण पानाच्या १० जाहिराती प्रत्येकी २,००० रुपयांच्या आणि अर्ध्या पानाच्या ८ जाहिराती प्रत्येकी १,००० रुपयांच्या निघाल्या, बरोबर २८,०००. येथे काही दोष नाही.

कंपनीच्या १,४७,००० या आकड्यावर मात्र थांबायला हवे, कारण कोणी प्रायोजक सहसा अशी रक्कम ठरवत नाही. जाहिरातीच्या मोबदल्यात क्रीडा स्पर्धेचे प्रायोजकत्व देणाऱ्या कंपनीला त्या रकमेतून आयकराची मूळस्थानी कपात करावी लागते, आणि घेणारी संस्था असल्यास त्या वर्षी कपातीचा दर २ टक्के होता. कराराची रक्कम १,५०,००० होती. ३,००० रुपये कापून उरलेले बँकेत आले आणि खजिनदारांनी बँकेत दिसले तेवढेच लिहिले. खरे उत्पन्न १,५०,००० आहे आणि ३,००० रुपये आयकर खात्याकडून येणे आहेत, जे विवरणपत्र भरून परत मागता किंवा करात वळते करून घेता येतात. ही चूक लहान असली तरी ज्या कागदावरून ती कळते तो फार उपयोगाचा आहे. मंडळाच्या पॅन क्रमांकावर कोणी किती रक्कम देऊन किती कर कापला, हे आयकर खात्याच्या २६एएस या पत्रकात दिसते. तेथे दिसणारा एखादा प्रायोजक मंडळाच्या वहीत नसेल, तर त्याचे पैसे कोठे गेले हा प्रश्न टाळता येत नाही. उलट बाजूही लक्षात ठेवावी : लहान दुकानदाराने दिलेली रक्कम किंवा कपातीच्या मर्यादेखालील रक्कम त्या पत्रकात येणारच नाही, म्हणून ते कोरे आहे याचा अर्थ प्रायोजक नव्हते असा होत नाही.

पोस्टरवर आणखी दोन नावे होती आणि वहीत त्यांचा उल्लेख नव्हता. खेळसाहित्याच्या एका दुकानाने २४,००० रुपये किमतीच्या जर्सी दिल्या होत्या, आणि एका उद्योजकाने पहिले बक्षीस, ५१,००० रुपये रोख, व्यासपीठावर थेट विजेत्या संघाच्या हाती ठेवले होते. सचिवांचे म्हणणे असे की पैसे मंडळाकडे आलेच नाहीत, मग लिहायचे काय? जर्सीच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. मंडळाला वस्तू मिळाली आणि मंडळाने ती वापरली, तर दुकानाच्या बिलाच्या किमतीने प्रायोजकत्व जमेला आणि तेवढाच खर्च साहित्याला लिहायचा, शिवाय साहित्य नोंदवहीत जर्सींची संख्या चढवायची. बक्षिसाबाबत मतभेद होऊ शकतात. माझे मत असे की पोस्टरवर आणि नियमपत्रिकेत बक्षीस मंडळाच्या नावाने जाहीर केले असेल, तर ते देण्याची जबाबदारी मंडळाची होती आणि उद्योजकाने ती मंडळाच्या वतीने पार पाडली. म्हणून दोन्ही बाजूंना ५१,००० रुपये लिहावेत आणि विजेत्या संघाच्या कप्तानाची सही असलेली पोच फाइलला लावावी. ती पोच नसेल तर पुढे एखादा संघ ‘आम्हाला पूर्ण रक्कम मिळालीच नाही’ असे म्हणाला, तर मंडळाकडे दाखवायला काही राहत नाही. या दुरुस्त्यांनंतर प्रायोजकत्वाचे उत्पन्न २,७५,००० ऐवजी ३,५३,००० होते. ७८,००० रुपयांचा हा फरक एकही रुपया गहाळ न होता पडलेला आहे, आणि तरीही मूळ पत्रक वाचणाऱ्या सभासदाला स्पर्धेचा खरा आकार कळलाच नसता.

कार्यकारिणीच्या खर्चात बहुतेक गोष्टी बिल, ठराव आणि सही या तिन्हींची सांगड घालून तपासता येतात, म्हणून त्यांत फार वेळ घालवत नाही. अपवाद आगाऊ रकमेचा. संघ बेंगळुरूला नेण्यासाठी सचिवांनी ६०,००० रुपये उचलले आणि त्याच दिवशी ते ‘प्रवास खर्च’ म्हणून वहीत पडले. आगाऊ दिलेली रक्कम खर्च नसते. ती त्या व्यक्तीकडून येणे असते, आणि हिशेब सादर होईल तेव्हाच ती खर्चात बदलते. ३१ मार्चपर्यंत सचिवांनी ४१,३५० रुपयांची बिले दिली होती. ऑडिटरने ती बिले स्पर्धेच्या आयोजकांकडील संघ नोंदणीशी लावून पाहिली : १६ खेळाडू आणि २ पदाधिकारी, म्हणजे १८ माणसे. जेवणाची बिलेही १८ जणांचीच होती आणि तारखा सामन्यांच्या दिवसांशी जुळत होत्या, त्यामुळे खर्च मान्य करण्यात अडचण आली नाही. काही बिले कन्नडमध्ये होती. आपल्याकडे हे रोजचेच आहे, आणि त्यावर उपाय साधा आहे : बिलामागे खर्च कशाचा, कोणी केला आणि कोणत्या ठरावान्वये, हे मराठीत एका ओळीत लिहून खर्च करणाऱ्याने सही करावी. वर्षानंतर ते बिल हातात घेणाऱ्याला कन्नड येत असो वा नसो, त्याला खर्चाचा हेतू कळायला हवा. उरलेले १८,६५० रुपये मात्र परतही आले नव्हते आणि त्यांचा हिशेबही नव्हता, म्हणून ते खर्चातून काढून सचिवांकडून येणे दाखवावे लागले.

मंडपाचे काम एका कार्यकारिणी सदस्याच्या भावाला दिले होते. ते देण्यास घटनेत बंदी नव्हती. ऑडिटरने पाहिले ते इतकेच की इतर दोन दरपत्रके खरोखर वेगळ्या व्यावसायिकांची होती का आणि ठराव होताना तो सदस्य बाजूला झाला होता का. दरपत्रके वेगळी होती. इतिवृत्तात तो सदस्य उपस्थित आणि मतदान केलेला दिसला. ही बाब अहवालाच्या सोबतच्या टिप्पणीत लिहिली गेली.

ऑडिटची मर्यादाही येथे स्पष्ट करायला हवी. एखाद्याने मैदानावर कोणाच्या हातात पाच हजार रुपये ठेवले, पावती घेतली नाही आणि त्याचे नाव कोठे छापलेही गेले नाही, तर ती रक्कम वरील कोणत्याही पद्धतीने सापडणार नाही. ऑडिटर तेव्हा एवढेच म्हणू शकतो की पावतीशिवाय पैसे घेण्यास वाव राहील अशी व्यवस्था मंडळात होती. त्याहून खोल चौकशी हवी असेल तर तो मार्ग ऑडिटचा नाही. कर्नाटक संस्था नोंदणी कायद्याच्या कलम २५ प्रमाणे मंडळाच्या किमान एक तृतीयांश सभासदांनी किंवा कार्यकारिणीच्या बहुसंख्य सदस्यांनी अर्ज केल्यास नोंदणी अधिकाऱ्यांना चौकशी करावी लागते; ते स्वतःहूनही ती करू शकतात.

आपल्या मंडळात तशी वेळ आली नाही. दुरुस्त पत्रकात वर्गणी आणि प्रवेश शुल्काचे उत्पन्न २,५२,७०० रुपये झाले आणि त्यातील २५,२०० रुपये थकबाकी म्हणून ताळेबंदात गेले. खानापूरच्या सदस्याकडून येणे ६,६०० आणि सचिवांकडून येणे १८,६५० या दोन ओळी व्यक्तींच्या पदासह परिशिष्टात आल्या. सभेत त्या मोठ्याने वाचल्या गेल्या आणि ३० दिवसांत भरणा करण्याचा ठराव झाला. पावती पुस्तकांची साठा वही नव्याने सुरू करून छापखान्याच्या बिलाची प्रत तिच्या पहिल्या पानावर चिकटवण्यात आली, आणि २०२४-२५ चा ऑडिटर बँकेचे पासबुक उघडण्याआधी तेच पान पाहील.